एफओएस 1.46, तरी ढासळण्याची शक्यता साडेनऊ टक्के? तापीकाठच्या कटिंगचा हिशोब

चोपड्याचा_कटिंगवाला
राम राम मंडळी. उपसा सिंचनाच्या पंपहाउससाठी तापीच्या काठावर रस्ता खाली उतरवायचा आहे. त्यासाठी 8 मीटर उंच कटिंग घेतोय, उतार 60 अंश. माती आपली नेहमीची पिवळी गाळाची, मधेमधे चुनखडीचे खडे. पाया खणताना सहा अनडिस्टर्ब्ड सॅम्पल काढले, डायरेक्ट शिअर केलं. कोहीजन, म्हणजे मातीची चिकट पकड, किलोपास्कलमध्ये आलं ते असं: 9, 11, 13, 17, 20, 26. फाय, म्हणजे घर्षणाचा कोन, 22.5 ते 29 अंशांत, tan ची सरासरी 0.488, स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण 0.049.

सरासरी धरून एफओएस, म्हणजे रोखणारं बल भागिले खाली ओढणारं बल, 1.46 येतो. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "दीडच्या जवळ आहे, चालेल." पण तपासणाऱ्या सल्लागाराने शेरा मारला की बीटा, म्हणजे शिल्लक बल त्याच्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा, आणि ढासळण्याची शक्यता काढून द्या. मी काढली तर बीटा 1.31 आणि शक्यता साडेनऊ टक्के. म्हणजे अशा दहा कटिंगमधलं एक कोसळणार? मग या नदीकाठी एवढे उभे कडे वर्षानुवर्षे कसे उभे आहेत? माझ्या हिशोबात काही चुकतंय, की आकड्याचा अर्थच वेगळा आहे?

निवृत्त_संकल्पचित्र
हिशोब कसा केला ते आधी मांडा. कुठला पृष्ठभाग धरला?

चोपड्याचा_कटिंगवाला
सर, सरळ पातळी, पायथ्यातून 40 अंशाने वर जाणारी. 38 ते 43 अंश फिरवून बघितलं, 39-40 ला एफओएस सगळ्यात कमी येतो. घनता 18. घसरणाऱ्या पाचरीचं वजन मीटरमागे 354 किलोन्यूटन, पातळीची लांबी 12.45 मीटर. खाली ओढणारं बल 227.5, पातळीवरचं लंब बल 271.1.

रोखणारं बल: 12.45 × 16 म्हणजे 199, अधिक 271.1 × 0.488 म्हणजे 132. बेरीज 331. त्यातून 227.5 गेले, शिल्लक 104. कोहीजनमुळे या शिलकीत होणारा चढउतार 12.45 × 6.3 म्हणजे 78, फायमुळे 13. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर 79.5. 104 भागिले 79.5, बीटा 1.31.

निवृत्त_संकल्पचित्र
गणित बरोबर आहे. साठ अंशाच्या उभ्या कटिंगला सरळ पातळी धरणं ठीक. उतार सपाट होत गेला की तीच पातळी फसवते आणि गोल पृष्ठभाग घ्यावा लागतो.

तुमच्याच आकड्यांतली एक गोष्ट बघा. चढउतार जवळजवळ सगळा कोहीजनचा आहे, 78 विरुद्ध 13. फाय कितीही काटेकोर मोजला तरी बीटा हलणार नाही. त्यामुळे पुढचा प्रत्येक रुपया कोहीजन समजून घेण्यावर खर्च करा.

आता आकड्याचा अर्थ. तुम्ही 6.3 हे डेव्हिएशन वापरलं ते एका सॅम्पलचं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरच्या नळकांड्यातल्या मातीचं. घसरायची आहे ती साडेबारा मीटरची पातळी. ती जाताना मऊ थरातूनही जाते आणि कठीण थरातूनही. एका जागी 9 असेल तर दीड मीटरवर 20 असेल. पूर्ण पातळीभर एकाच वेळी सगळीकडे 9 निघण्याची शक्यता फार कमी. म्हणून पातळीवरच्या सरासरीचं डेव्हिएशन सॅम्पलच्या डेव्हिएशनपेक्षा बरंच लहान असतं. तुमचे साडेनऊ टक्के हे सहापैकी एखादं सॅम्पल अख्ख्या पातळीचं नशीब ठरवेल असं मानून काढलेले आहेत.

चोपड्याचा_कटिंगवाला
मग ते किती लहान करायचं सर? मनाने तर करता येणार नाही.

निवृत्त_संकल्पचित्र
मातीचे गुण किती अंतरापर्यंत एकमेकांसारखे राहतात त्यावर ते ठरतं. गाळाच्या मातीत आडवं हे अंतर दहा-वीस मीटर किंवा त्याहून जास्त असतं आणि उभं एक-दोन मीटर, फार तर तीन. थर आडवे साचलेले असल्यामुळे. तुमची पातळी उभ्यात 8 मीटर चढते. उभं अंतर 2 मीटर धरलं तर व्हेरियन्स 2/8 पटीने म्हणजे चौथ्या हिश्श्याने उरतो, डेव्हिएशन निम्मं. कोहीजनचं 6.3 होतं ते 3.15 झालं. बीटा 2.6, शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आत.

माती_शिकवते_धुळे
सर, इथे थोडी भर घालू का? सरासरी काढून चढउतार निम्मा झाला हे मान्य. पण ती सरासरी 16च आहे हे आपल्याला कुठे माहीत आहे? सहा सॅम्पलवरून काढलेला तो अंदाज आहे. त्याची स्वतःची चूक 6.3 भागिले √6, म्हणजे 2.6 किलोपास्कल. ही चूक पातळी कितीही लांब असली तरी विरत नाही, कारण ती मातीत नसून आपल्या माहितीत आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की 4.07. फायलाही तसंच केलं तर 0.0316. बीटा 2.02, शक्यता 2.2 टक्के.

त्यामुळे साडेनऊ नाही आणि अर्धा टक्काही नाही. यू. एस. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या 1997च्या मार्गदर्शिकेत बीटा 2.0 म्हणजे 'पुअर', 3.0 म्हणजे सरासरीपेक्षा बरं आणि 1.5 म्हणजे असमाधानकारक. तुमचं कटिंग 'पुअर'च्या उंबरठ्यावर आहे.

निवृत्त_संकल्पचित्र
मॅडमचं म्हणणं बरोबर. मी तो भाग धरला नव्हता आणि तो धरायलाच हवा. सहा सॅम्पलवर तर नक्कीच.

एक्सेल_भुसावळ
एवढा खटाटोप कशाला? मी एक्सेलमध्ये माँटे कार्लो लावलं. कोहीजन लॉगनॉर्मल, सरासरी 16, डेव्हिएशन 4.07, tan फाय नॉर्मल. 500 ट्रायल घेतल्या, एकदाही एफओएस एकच्या खाली नाही. शक्यता शून्य. भाऊ, बिनधास्त काम चालू करा.

माती_शिकवते_धुळे
दादा, 500 ट्रायलमध्ये एकही पडलं नाही यावरून शक्यता शून्य म्हणता येत नाही. खरी शक्यता 0.4 टक्के असेल तर 500 मध्ये सरासरी दोनच पडतात, आणि सात-आठातून एका वेळी एकही पडत नाही. पुन्हा दोन-चारदा F9 दाबा, कधी एक-दोन, कधी तीन-चार पडलेली दिसतील. शक्यता जितकी लहान तितक्या ट्रायल जास्त लागतात. शंभर तरी पडझडी मोजल्याशिवाय आकड्यावर विसंबू नये, तेव्हाही दहा टक्क्यांची चूक राहतेच. हे चालवून बघा:

```python
import numpy as np
r = np.random.default_rng(1)
N = 200000
z = np.log(1 + (4.07/16)**2)
c = r.lognormal(np.log(16) - z/2, np.sqrt(z), N)
t = r.normal(0.488, 0.0316, N)
fs = (12.45*c + 271.1*t) / 227.5
print((fs < 1).mean())
```

एक्सेल_भुसावळ
चालवलं. 0.4 टक्क्याच्या आसपास आलं. पण ताई, तुमचे तर 2.2 टक्के होते. मग चूक कोणाची?

माती_शिकवते_धुळे
कोणाचीच नाही. तुम्ही लॉगनॉर्मल घेतलंत, मी नॉर्मल. सरासरी तीच, डेव्हिएशन तेच, तरी उत्तरात पाचपट फरक. कटिंग पडण्यासाठी कोहीजन 7.7 च्या खाली जायला लागतं, आणि तिथे आपण वितरणाच्या शेपटीत असतो. नॉर्मलची शेपटी डावीकडे लांब असते, शून्याच्याही खाली जाते. लॉगनॉर्मलची तिथे पटकन संपते. सहा सॅम्पलवरून शेपटीचा आकार कोणीही सांगू शकत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की बीटा लिहा, कोणतं वितरण धरलं ते लिहा, आणि टक्केवारीत दशांश चिन्हानंतरचे आकडे मिरवू नका.

शिरपूरचा_केळीवाला
मंडळी, मना एक प्रश्न शे. शेततळं खोदलंय, तीन मीटर खोल, काळी माती, आत प्लास्टिकचा कागद. उन्हाळ्यात काठाला हातभर लांब भेगा पडल्या. तुमच्या या हिशोबाने माझं तळं पडायची शक्यता किती टक्के निघेल?

निवृत्त_संकल्पचित्र
दादा, तुमचं दुखणं वेगळं. काळी माती वाळली की आकसते, त्या भेगा तिच्या आहेत. घाबरायचं ते त्या भेगांतून पावसाचं पाणी कागदाच्या मागे शिरण्याला. मग तळं रिकामं असताना मागची ओली माती कागदासकट आत सरकते. टक्केवारीच्या भानगडीत पडू नका. भेगा मुरमाने भरून चोपून घ्या, खोदलेली माती काठावर ढीग करून ठेवली असेल तर ती मागे ओढा, आणि ऐन पावसाळ्यात तळं पूर्ण रिकामं करू नका.

शिरपूरचा_केळीवाला
बरं. पण मग कटिंगवाल्या भाऊंना एक सांगतो. माझं वावर तापीला लागून आहे. काठ पाऊस पडताना ढासळत नाही. पूर येतो, दोन दिवस काठाला लागून राहतो, आणि पाणी उतरलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धडाधड पडतो. चांगलं बांधाएवढं लांब ढेकूळ एका वेळी जातं. तुमच्या हिशोबात ते पाणी कुठे आहे?

निवृत्त_संकल्पचित्र
हा प्रश्न या धाग्यावर सगळ्यात आधी यायला हवा होता. पूर असताना बाहेरचं पाणी काठाला टेका देतं आणि माती आतून भिजते. वरच्या बाजूला हतनूरचे दरवाजे बंद झाले की नदी झपाट्याने उतरते. टेका जातो, पण मातीतलं पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. माती जड आणि आतून दाबाखाली, समोर आधार काहीच नाही. कटिंगवाले, तुमचा पायथा पूररेषेच्या वर आहे की खाली?

चोपड्याचा_कटिंगवाला
खाली आहे सर. साधारण अडीच मीटर. पंपहाउस असल्यामुळे दुसरा इलाज नव्हता.

माती_शिकवते_धुळे
आणि सॅम्पल कधी काढले?

चोपड्याचा_कटिंगवाला
एप्रिलमध्ये. नैसर्गिक ओलाव्यावरच तपासले. प्रयोगशाळेने स्वतःहून दोन तुकडे भिजवून केले होते, ते मी सरासरीत धरले नाहीत. त्यांचं कोहीजन 7 आणि 9 आलं. फाय फारसा बदलला नाही.

माती_शिकवते_धुळे
मग सगळा धागा तिथे येऊन थांबतो. एप्रिलमध्ये या पिवळ्या मातीचं कोहीजन बरंचसं कोरडेपणाचं असतं. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं, चुनाही थोडा बांधतो. नदीकाठचे उभे कडे त्या जोरावर उभे आहेत. माती भिजली की ती पकड सुटते. तुमचे 16 हे कोरड्या मातीचे 16 आहेत.

आता 8 धरून बघा. 12.45 × 8 म्हणजे 99.6, अधिक 132. बेरीज 232. ओढणारं बल 227.5. एफओएस 1.02. ओली माती जड होते, घनता 19.5 घेतली तर 0.99. आतल्या पाण्याचा दाब तर अजून धरलेलाच नाही. 1.02 ला बीटा जवळपास शून्य, शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास. आपण दिवसभर ज्यावर वाद घातला ते साडेनऊ, सव्वादोन आणि अर्धा टक्का हे सगळे कोरड्या अवस्थेचे आकडे. खरा प्रश्न असा की माती पातळीपर्यंत भिजण्याची शक्यता वर्षाला किती, आणि भिजली तर ढासळण्याची किती. दोन्हींचा गुणाकार करायचा. दुसरा आकडा अर्ध्याच्या घरात असेल तर पहिल्याच्या जवळजवळ निम्मा हा तुमचा वार्षिक धोका.

रस्तेवाला_अमळनेर
मला एक वेगळी शंका. 26 वालं सॅम्पल बघा. नक्की त्यात चुनखडीचा खडा आला असणार. आमच्याकडेही पिवळ्या मातीत असंच होतं. शिअर बॉक्सच्या मधल्या फटीत खडा अडकला की मशीन जास्त बल दाखवतं आणि मातीला उगाच जादा कोहीजन मिळतं. ते सॅम्पल काढून टाका.

चोपड्याचा_कटिंगवाला
बरोबर ओळखलंत, बोराएवढा खडा होता. काढून बघितलं. पाचांची सरासरी 14, डेव्हिएशन 4.47. एफओएस 1.46 वरून 1.35 ला आला. साहेब तर आता मंजूर करणार नाहीत. पण बीटा, मॅडमच्या पद्धतीने, 2.02 होता तो 2.06 झाला! एफओएस कमी होऊन बीटा कसा वाढला?

निवृत्त_संकल्पचित्र
कारण त्या एका सॅम्पलने सरासरी फुगवली होती आणि विखुरणही. शिल्लक 104 ची 79 झाली, पण तिचा चढउतारही 51 चा 38 झाला. शिल्लक भागिले चढउतार जवळपास तेवढंच राहिलं. तीच माती, तेच कटिंग, एका खड्यामुळे एफओएस 1.46 दिसावा की 1.35, एवढा डळमळीत तो आकडा आहे. बीटा हलला नाही, कारण सॅम्पल किती विखुरलेत हे तो स्वतःच्या पोटात घेऊन असतो.

मात्र नको असलेले आकडे गाळून बीटा वाढवता येतो, हेही यातून दिसलं. त्यामुळे सॅम्पल का काढलं याचं कारण अहवालात लिहा आणि खड्याचा फोटो लावा.

माती_शिकवते_धुळे
मला ते सॅम्पल काढणं पूर्ण पटत नाही. खडे त्या मातीतच आहेत, घसरणारी पातळीही त्यांना आडवी जाणार. सहा सेंटिमीटरच्या बॉक्समध्ये बोराएवढा खडा परिणाम वाढवून दाखवतो हे खरं, पण साडेबारा मीटरमध्ये खड्यांचा परिणाम शून्य आहे असंही नाही. मोठ्या बॉक्समध्ये, 30 सेंटिमीटरच्या, तपासलं तर कळेल.

रस्तेवाला_अमळनेर
मोठा बॉक्स जिल्ह्यात मिळायचा कुठे? मी तर गाळणार. कमी एफओएस धरून चुकलो तर पैशात चुकेन, जास्त धरून चुकलो तर माणसं खाली काम करतायत.

एक्सेल_भुसावळ
अजून एक. आमच्याकडे एक कटिंग दोन वर्षं उभं आहे. त्याचीही शक्यता दोन टक्के धरायची का? दोन वर्षांत पडलं नाही म्हणजे माती चांगली निघाली ना?

माती_शिकवते_धुळे
अर्धं बरोबर. आपल्या दोन टक्क्यांतला मोठा भाग 'माती मुळातच कमी ताकदीची असेल का' या अज्ञानाचा आहे. कटिंग कोरड्यात उभं राहिलं म्हणजे ती शंका फिटली, कोरड्या अवस्थेची शक्यता खाली आणायला हरकत नाही. पण मोठा पूर त्या दोन वर्षांत आला होता का? नसेल तर भिजलेल्या मातीबद्दल त्या कटिंगने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही.

निवृत्त_संकल्पचित्र
पहिल्या भागाशीही मी पूर्ण सहमत नाही. कोरडी-ओली आलटून पालटून दरवर्षी होते, वरून भेगा खोल जातात, पातळीची धरून ठेवणारी लांबी कमी होते. आज उभं आहे ते उद्याच्या हिशोबात जमा करताना हात आखडता ठेवावा.

माती_शिकवते_धुळे
सर, भेगा हा वेगळा बदल झाला, तो वेगळा मांडू. जुनी माहिती टाकून का द्यायची?

निवृत्त_संकल्पचित्र
मांडता आला तर जरूर मांडा. मला अजून कोणी तो नीट मांडलेला बघायला मिळालेला नाही.

चोपड्याचा_कटिंगवाला
माझ्या कामाचं सांगतो. वरचा भाग 45 अंशावर घ्यायला जागा आहे. पूर्ण 8 मीटर 45 ला धरले तर भिजलेल्या कोहीजनवर सरळ पातळीने एफओएस 1.4 च्या थोडा वर येतोय. सरांनी सांगितल्याप्रमाणे गोल पृष्ठभागाने पुन्हा काढतो, कमी येणार हे गृहीत धरून. पूररेषेखालच्या अडीच मीटरला गॅबियन आणि मागे फिल्टरचा थर सुचवतोय. आणि भिजवलेले निदान आठ-दहा सॅम्पल मागतोय. भिजवताना काय काळजी घ्यायला सांगू?

माती_शिकवते_धुळे
सॅम्पल बॉक्समध्ये बसवा, आधी नॉर्मल लोड लावा, मग पाणी घाला. लोड न लावता भिजवलं तर फुगून ढिलं होतं आणि कोहीजन उगाच कमी दिसतं. उभ्या डायलची हालचाल थांबेपर्यंत ठेवा. मग शिअर सावकाश करा, पाण्याचा दाब निघून जाईल इतका. लोडही खऱ्या खोलीचेच निवडा. तुमच्या पातळीवर सरासरी लंब ताण 271 भागिले 12.45, म्हणजे 22 किलोपास्कल. प्रयोगशाळा सवयीने 50, 100, 150 लावते. तिथून सरळ रेषा मागे ओढून मिळालेलं कोहीजन या कामाचं नाही.

चोपड्याचा_कटिंगवाला
त्यांनी 50, 100, 150 च लावलेत.

निवृत्त_संकल्पचित्र
मग 10, 25, 50 वर पुन्हा करून घ्या. सॅम्पल कोणत्या खोलीचे ते प्रत्येकावर लिहून घ्या, म्हणजे उभ्या दिशेचं ते 2 मीटरचं अंतर आपण नुसतं धरलंय ते तुमच्या मातीत खरंच तेवढं आहे का, हेही थोडंफार कळेल. आकडे आले की इथेच टाका.

शिरपूरचा_केळीवाला
आणि भाऊ, पूर उतरल्यावर दोन दिवस तिथे कोणालाच खाली उतरू देऊ नका.